रेघ हलवायची राहिली

आमच्या लवळ्यात मेधाला सगळे ओळखतात, पण ती नेमकं काय करते हे एकालाही धड सांगता येत नाही. "कंप्युटरवर बसती," एवढंच. तिची आई गोजराबाई सहा खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देते, त्यामुळे लेक रिकामी बसली तरी चालतं, असा गावाचा हिशेब. गावाला काय, उंटावरून शेळ्या हाकायला पैसे पडत नाहीत.

मी तिला आठवीत विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी ती मला सरच म्हणते आणि मी तिला अजून झापतो. पोर हुशार. पुंकेसर, स्त्रीकेसर, निदलपुंज, सगळं तोंडपाठ. पुण्याच्या कॉलेजात गेली आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला फूल हातात धरून उभी राहिली. बाईंनी इंग्रजीत एकेक भाग विचारला. भाग हिला सगळे ठाऊक, पण नावं दुसरीच. वर्ग हसला. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडली होती.

म्हणून आता ती उलटा धंदा करते. सूसच्या सोसायट्यांमधल्या काही मंडळींनी मिळून इंग्रजी शाळांसाठी विज्ञानाची चित्रांची पुस्तकं काढली आहेत. तीच घाटाकडच्या मराठी शाळांना मिळावीत म्हणून मेधा त्यांच्या आकृत्या मराठीत करते. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नसतं. चित्र तेच राहतं. भागांची नावं बदलतात आणि मराठी नाव इंग्रजीपेक्षा हातभर लांब निघतं. जागा पुरत नाही. मग नाव इकडचं तिकडं सरकवायचं, आणि नावापासून भागापर्यंत जाणारी रेघही त्याच्याबरोबर वळवायची.

शेवटी असते आईची परीक्षा. गोजराबाई शाळेची पायरी चढलेली नाही. मेधा आकृती आणि खरी वस्तू तिच्यापुढे ठेवते, एकेक नाव वाचते, आणि आई रेघेवरून बोट नेत भाग दाखवते. बोट चुकलं तर आकृती चुकली. त्यानंतर मी शुद्धलेखन बघून प्रूफावर सही करतो. खरं सांगायचं तर ऱ्हस्व-दीर्घापलीकडे मी काही बघत नव्हतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गोजराबाई भाचीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस गेली होती. सूसवाले घाई करत होते. एका आकृतीची परीक्षा राहिली आणि पुस्तक छापून आलं. गुरुवारी मी स्वतः ताम्हिणीकडच्या एका शाळेत अकरा पुस्तकं देऊन आलो. आठवीत पोरंच अकरा.

रविवारी सकाळी गोजराबाई परत आली. चहा पिता पिता तिनं नवं पुस्तक चाळायला घेतलं. मी समोरच होतो. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"मेधे, ही वरची मोठी पिन ना? हिला कंची वायर म्हनतेस?"

मेधानं वाकून वाचलं. "वीजयुक्त तार. लाल."

"काय बोलतीस? आपल्या खोल्यांचा वायरमन तर मोठ्या पिनेला कायम हिरवी लावतो. मी शंभरदा बघितलंय."

मेधाचा चेहरा पांढरा पडला. तिनं पुस्तक ओढून घेतलं. प्लगची आकृती होती, झाकण काढून आतून दिसते तशी. वरची जाड पिन भूसंपर्क तारेची, म्हणजे अर्थिंगची. उजवीकडची वीजयुक्त तारेची, डावीकडची तटस्थ तारेची. 'वीजयुक्त तार' हे नाव उजव्या समासात मावेना, म्हणून मेधानं ते वरच्या मोकळ्या जागेत नेलं होतं आणि वरचं 'भूसंपर्क तार' दोन ओळींत मोडून उजवीकडे बसवलं होतं. नावं हलली. रेघा हलवायच्या राहिल्या. आता चित्र सांगत होतं, लाल तार वरच्या पिनेला, हिरवी उजव्या पिनेला. आणि खाली ठळक अक्षरात माझी लाडकी ओळ: 'आकृतीप्रमाणे जोडणी करा.'

"सर," मेधा म्हणाली, "हिरवी तार उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते."

म्हणजे बटण दाबलं की सगळा प्रवाह त्या पत्र्यात. मी कप खाली ठेवला. त्या पानाच्या प्रूफावर माझी सही होती.

शाळेच्या कैलास सरांना फोन लावला. ते पौडला घरी होते. "दहा पुस्तकं कपाटात आहेत सर, कुलूप माझ्याकडेच," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढे म्हणाले, "एक तेवढं पिंकीनं घरी नेलंय. धुळाजीची पोरगी, वरच्या धनगरवस्तीवरची. त्यांनी हॉस्टेलच्या पोरांकडनं जुनी विजेची शेगडी आणलीय, तिचा प्लग तुटलेला. म्हणाली, आता मीच बसवते."

वस्तीवर फोन लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मेधानं गाडी काढली. मी खिशात टेस्टर टाकला आणि मागे बसलो. पौड गेलं, धरण गेलं. पाऊस तोंडावर खडे मारल्यासारखा लागत होता. मुळशीच्या पुढे एकदाच तिनं मान न वळवता विचारलं, "सर, उलट्या जोडणीनं शेगडीची कॉईल तापेल का?"

मी मनातल्या मनात जोडणी मांडून बघितली. कॉईलमधून प्रवाहच जाणार नव्हता. शेगडी थंड राहणार होती. आणि शेगडी तापत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? हात लावून बघतो.

"नाही तापणार," मी म्हणालो. त्यानंतर तिनं गाडी अशी पळवली की मी डोळे मिटून घेतले. देवाचं नाव सहसा घेत नाही मी. त्या दिवशी घेतलं.

रस्ता संपला तिथं गाडी टाकून वर चढलो. चिखलात दोनदा आपटलो. मला सारखं वाटत होतं, आता रडणं ऐकू येईल. वस्ती दिसली तेव्हा दारात चारसहा बायामाणसं उभी होती, आणि मेधा जागच्या जागी थिजली. मग कळलं की ती माणसं नुसती पाऊस बघत उभी होती.

"पिंकीचं घर?" मी ओरडलो.

घरात अंधार होता. जमीन ओलसर. कोपऱ्यात दगडावर स्टीलची शेगडी, तिच्यावर पाण्याचं पातेलं. वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये. शेगडीपुढे पिंकीची आई सारजाबाई अनवाणी उकिडवी बसली होती आणि तिचा हात पातेल्याच्या काठावर होता.

"बाई, हात काढा!" मेधा किंचाळली. "लाइट आहे का?"

"पहाटंपासनं न्हाई," सारजाबाई दचकून मागं सरली. "पोरीनं सकाळी पिलग बसिवला, कवा येती बगत बसलोय. का वो?"

बटण चालूच होतं. मेधानं ते बंद केलं आणि प्लग उपटला. आम्ही अजून कोण, कुठले, काही सांगितलंही नव्हतं, तेवढ्यात वर टांगलेला दिवा लागला. वीज आली होती.

मी त्या दिव्याकडे बघत राहिलो. चहा थोडा सावकाश प्यायलो असतो तर?

पिंकी आतून पुस्तक घेऊन आली. तेरा वर्षांची, काटक, डोळे चमकणारे. मेधानं स्क्रू काढून प्लग उघडला. वरच्या पिनेला लाल, उजवीकडे हिरवी, डावीकडे काळी. तारा सोलून, पिळून, स्क्रूखाली नीट दाबलेल्या. एक केस बाहेर नाही. इतकी सुबक जोडणी मी आठवीच्या पोरांत कधी बघितली नव्हती.

"चुकलं का बाई?" पिंकीनं विचारलं. "मी तीनदा पुस्तकात बगितलं."

मी प्लग दिव्याखाली धरला. वरच्या पिनेपाशी इंग्रजी ई कोरलेला होता, अर्थिंगचा.

"हे अक्षर दिसलं नव्हतं का गं?"

"दिसलं की. पन आपल्या पुस्तकात तसं अक्षरच न्हाई. मला वाटलं, कंपनीचं आसंल."

मूळ इंग्रजी आकृतीत पिनांपाशी ई, एल, एन ही तिन्ही अक्षरं होती. मराठी पानावर इंग्रजी कशाला, म्हणून आम्हीच काढली होती. त्यातला आग्रह माझा होता.

"तू नाही चुकलीस," मेधा अखेर म्हणाली. "मी चुकले. पुस्तकातली आकृती चुकीची आहे. ही शेगडी अशी चालू झाली असती तर हात लावणारं माणूस गेलं असतं."

पिंकी आईकडे बघू लागली. सारजाबाईनं आपला उजवा हात लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला, आणि तो पदराखाली नेला.

मग मेधानं पातेलं उतरवलं आणि पिंकीच्याच हातून जोडणी करून घेतली. हिरवी वर, लाल उजवीकडे, काळी तशीच. पुस्तकातल्या दोन्ही रेघा पेनानं खोडल्या आणि नव्या काढल्या. प्लग लावला, बटण दाबलं. मी शेगडीच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला नाही. भिंतीतलं अर्थिंग खरंखुरं जमिनीपर्यंत गेलंय की नुसतं नावाला आहे, देव जाणे. पण पत्र्यात आता वीज नव्हती.

"झालं," मी म्हणालो. "आता ठेवा पातेलं."

सारजाबाई जागची हलली नाही.

"पुस्तकातबी झालंच म्हनून लिवलं हुतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आदी तुमी हात लावा."

मेधानं माझ्याकडे पाहिलं. टेस्टर आम्ही दोघांनी बघितला होता. जोडणी आम्ही दोघांनी तपासली होती. तरी तिचा हात वीतभर अंतरावर अडला, आणि तो का अडला हे मला पुरतं कळत होतं, कारण माझाही खिशातून निघत नव्हता. मग तिनं डोळे मिटले आणि तळवा शेगडीच्या कडेवर ठेवला.

प्रूफावर सही माझीही होती. मी तिच्या हाताशेजारी माझा हात टेकवला.

पत्रा कोमट होऊ लागला, मग चटका देऊ लागला. सारजाबाई आमच्या तोंडांकडे बघत होती. ती "काढा आता" म्हणेपर्यंत आम्ही हात काढला नाही.