अर्नाळ्याच्या नावाचा पाऊस

माझं माहेर अर्नाळ्याचं, कोळ्यांचं. लग्नानंतर मी विरारला, डोंगराखालच्या चंदनसारला फ्लॅटमध्ये राहायला आले आणि आकडेमोडीची नोकरी केली. त्यामुळे माहेरी कुठलाही आकडा असो, विजेच्या बिलापासून बर्फाच्या हिशोबापर्यंत, तो माझ्याकडून तपासून घ्यायची पद्धत पडली. पावसाचा आकडाही त्यातच आला.

पावसाचं ॲप मला माझ्या नणंदेच्या मुलाने दाखवलं. तो हवामानाचं ॲप चालवणाऱ्या एका कंपनीत आहे. गणपतीला आमच्याकडे आला तेव्हा माझा मोबाईल घेऊन त्याने स्वतः ते घातलं आणि वर 'अर्नाळा' असं टाईप केलं. "मामी, आता गावागावाचं वेगळं. विरारचं विरारला, अर्नाळ्याचं अर्नाळ्याला." पडद्यावर गावाचं नाव, खाली तासातासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये. मला ते आवडलं. आकड्याला दशांश असला की मला तो मोजलेला वाटतो.

ऑक्टोबरात भावाच्या होडीला बोंबील चांगला लागला. वहिनीने तो वाळत घातला. आमच्याकडे बोंबील जमिनीवर टाकत नाहीत. बांबू रोवून वर दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगायची. चांगलं ऊन-वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत कडक. मध्ये पाणी लागलं तर माल गेलाच. वहिनीचा वर्षभराचा धंदा त्या सुक्या बोंबलावर असतो, होडीचा पैसा डिझेलात आणि जाळ्यात जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, बोंबील अर्धा सुकलाय. पानी पडंल का गं?"

मी पाहिलं. अर्नाळा, दुपारनंतर पाऊस, संध्याकाळपर्यंत. मी आकडे वाचून दाखवले.

"मग उतरवू?"

"उतरव," मी म्हणाले.

शेजारणीने तिला कुंपणावरून टोकलं, तेही मला फोनवर ऐकू आलं. "अगो, एवढं ऊन हाय, नि उतरवतेस काय? नणंदेनं ढग बांधून ठेवलेत का तिकडं?" तिने स्वतःचा माल तसाच ठेवला. वहिनीने आणि भावाने सगळा माल उतरवला, अंगणात ढीग केला आणि वर ताडपत्री घालून कडेला दगड ठेवले.

चारच्या सुमारास आमच्या रस्त्यावर पाऊस आला. साधा नाही, समोरची इमारत दिसेना असा. मी खुशीत फोन लावला. "आला बघ! सांगितलं होतं ना?"

"कुठं?" वहिनी म्हणाली. "हितं ऊन हाय, ताई. ताडपत्री काढू का? आत तापतंय."

मी पुन्हा पडदा पाहिला. अर्नाळा, आत्ता पाऊस, असंच दिसत होतं. "थांब," मी म्हणाले, "येईलच. नको काढूस."

ती थांबली. संध्याकाळी माझे मिस्टर घरी आले तेव्हा त्यांचा शर्ट कोरडा होता. मी विचारलं तर म्हणाले, "फुलपाड्यात एक थेंब नाही. आपल्या नाक्यावर पाण्यातून आलो." फुलपाडा आमच्यापासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. ते ऐकताच मी वहिनीला फोन केला, पण तोवर तिने ताडपत्री काढली होती. अर्धा ओला मासा दुपारभर उन्हात ताडपत्रीखाली कोंडला तर स्वतःच्याच वाफेत शिजतो. बोंबील चिकट झाले होते, वास सुटला होता. अर्नाळ्यात त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. शेजारणीचा माल दुसऱ्या दिवशी कडक होऊन उतरला.

रविवारी मी गेले. वहिनी खराब माल वेगळा करत होती. कोंबड्यांच्या खाद्यासाठी कोणीतरी घेणार होतं. भाऊ म्हणाला, "ताई, समुद्र फसवतो ते आम्हाला माहीत हाय. मोबाईलबी फसवतो ते तू आधी सांगायचंस."

घरी येऊन मी मिस्टरांचा मोबाईल शेजारी ठेवला. एकावर अर्नाळा, दुसऱ्यावर चंदनसार. तासातासाचा पाऊस सारखा. तापमान सारखं. वाराही सारखा, दशांशापर्यंत. समुद्रकाठचा वारा आणि डोंगराखालचा वारा एकच? मी अर्नाळ्यात वाढले आहे. हे आकडे दोन गावांचे नव्हतेच, एकाच आकड्यावर दोन नावं चिकटवलेली होती.

दिवाळीत भाचा फराळाला आला तेव्हा दोन्ही मोबाईल त्याच्यापुढे ठेवले. त्याने एकदा पाहिलं आणि हसला.

"मामी, तुम्ही बरोबर पकडलंत. दोन्ही एकाच चौकटीत येतात."

"कसली चौकट?"

त्याने पायाखालच्या लाद्या दाखवल्या. "असं समजा, सगळा नकाशा अशा लाद्यांचा आहे. आमची एक लादी बारा-तेरा किलोमीटरची. कॉम्प्युटर एका लादीला एका वेळी पावसाचा एकच आकडा देतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यापासून तुमच्या डोंगरापर्यंत एकच लादी."

"आणि पाऊस?"

"ऑक्टोबरचा गडगडाटी ढग दोन-चार किलोमीटरचा असतो. तो लादीच्या एका कोपऱ्यात पडतो. लादीला तो ढग दिसतच नाही, हवा आणि ओलावा बघून ती अंदाज करते, की माझ्यात कुठेतरी पाऊस होईल. मग जो आकडा येतो तो सगळ्या लादीची सरासरी. एका गल्लीत खूप, दुसरीत शून्य, सरासरी मधली."

"म्हणजे अंदाज खोटा नव्हता."

"नाही ना! लादीत पाऊस पडलाच. तुमच्याकडे पडला."

"मग लादी लहान करा."

"निम्मी केली तर त्याच जागेत चौपट लाद्या. वेळेचे टप्पेही बारीक करावे लागतात, काम आठपट होतं. आणि लहान लादीला ढग दिसला तरी तो नेमका त्याच गल्लीवर फुटेल याची खात्री नाही."

हे सगळं मला समजलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच मी विचारलं, "मग वर अर्नाळा का लिहिता? एवढ्या चौकटीत कुठेतरी, असं का नाही लिहीत?"

"ते ॲप कोण उघडणार, मामी?" तो चकली मोडत म्हणाला. "गावाचं नाव घालायचं मार्केटिंगवाले ठरवतात."

"गणपतीत नाव तू टाईप केलंस. मार्केटिंगवाले आले नव्हते."

त्याने चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला. मग हळूच म्हणाला, "मला काय माहीत तुम्ही त्यावर मासे उतरवाल. आम्ही स्वतः खिडकीतून बघूनच निघतो."

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. अर्नाळ्यात कोरडं राहिलं याबद्दल माझा ढगावर राग नाही, कॉम्प्युटरवरही नाही. लादी केवढी आहे हे भाच्याला माहीत होतं, आणि तरी त्याने माझ्या माहेराचं नाव तिच्यावर लिहून माझ्या हातात दिलं. मी त्याला फराळाचा डबा भरून दिला, नेहमीसारखा. दारापर्यंत सोडायला मात्र उठले नाही.

पुढच्या खेपेला वहिनीची वलांडी पुन्हा भरली, हे मला भावाकडून कळलं. तिने फोन केला नव्हता. दुपारी डोंगरावर काळं जमायला लागलं. मोबाईलवर अर्नाळ्याच्या नावापुढे पाऊस होताच. मी ॲप बंद केलं आणि वहिनीला फोन लावला.

"डोंगरावर काळं आलंय," मी म्हणाले. "तुमच्याकडे येईल की नाही ते मला माहीत नाही."

मागे वलांडीवरचे कावळे हाकलण्याचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "मी बघते." आणि फोन ठेवला. उतरवू का, असं तिने विचारलं नाही.