फळ्यावरचा ओला टॉवेल

माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास बारामतीत, खतांच्या दुकानाच्या माडीवर. विद्यार्थी बहुतेक एमआयडीसीतले, शिफ्ट सुटली की मोटारसायकलवरून थेट येणारे. त्यांना 'आय विश' शिकवताना मी उदाहरणं शोधायला लांब जात नाही. घरात नवरा आहे की!

'आय विश माय हजबंड वूड हँग अप हिज टॉवेल.' दुसऱ्याच्या वागण्याचा वैताग आला, की वूड. त्यानं मनावर घेतलं तर तो बदलू शकतो, पण ऐकेल तर शपथ! नवरा मागच्या बाकावर बसून हसायचा. डेअरीतली मशिनं दुरुस्त करून तो रोज मला न्यायला यायचा, त्यामुळे माझे धडे त्याला पाठ झाले होते.

दुसरा धडा परिस्थितीचा. आत्ता आहे त्यापेक्षा वेगळं हवं असेल, तर क्रियापद भूतकाळी, अर्थ मात्र आत्ताचा. 'आय विश वी हॅड अ बिगर रूम.' खोली काही मुद्दाम लहान राहत नाही, तिच्यावर काय चिडणार?

या उन्हाळ्यात डेअरीनं त्याला महिनाभर इंदापूरच्या केंद्रावर पाठवलं. मग तिथंच कायमचं राहता का, म्हणून विचारलं. शनिवारी उत्तर द्यायचं होतं.

फोनवर म्हणाला, "काय करू?"

"अहो, तुमचं तुम्ही ठरवा. इथं टॉवेल अगदी जागेवर असतो हल्ली."

तोंडाला आवर घालीन तर मी कसली!

शुक्रवारी वूडची उजळणी होती. खडू हातात, आणि एक तक्रार सुचेना. टॉवेल खरंच जागेवर होता. घर नुसतं खायला उठलं होतं मेलं! मी लिहिलं, 'आय विश माय हजबंड वॉज हिअर.'

सुप्याची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज वूड न्हाय व्हय? 'आय विश ही वूड कम होम' लिवा की."

"नको गं. तसं लिहिलं तर तो मुद्दाम येत नाही, अशी तक्रार होते. माझा राग नाहीये त्याच्यावर. तो इथं नाही, एवढंच."

कुणीतरी फळ्याचा फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. नवराही त्या ग्रुपवर आहे, हे मला घरी गेल्यावर आठवलं. अगं बाई!

शनिवारी दुपारी तो बॅग घेऊनच दारात उभा.

"नाही म्हणून सांगितलं त्यांना."

"का हो?"

"वूड असतं तर म्हटलं असतं, चालू आहे हिची नेहमीची कटकट. वॉज वाचलं नि एसटी पकडली."

मला रडूच फुटलं. तो आंघोळ करून आला आणि टॉवेल पलंगावर टाकला. मी ओरडायला तोंड उघडलं नि मिटलं. गादी ओली झाली, तरी संध्याकाळपर्यंत मी तो उचलला नाही.