एका पोत्यावरची दोन अक्षरं

अकोल्याच्या त्या दाळमिलचे मालक दोघं सख्खे भाऊ. थोरल्याला पोत्यावर नाव मराठीत हवं होतं, धाकट्याला इंग्रजीत, बाहेरच्या व्यापाऱ्यांसाठी. दोन्ही बरोबरीचं दिसलं तर एक पोतं, नाहीतर दोन पोती आणि मग मिलचेही दोन भाग, इथवर गोष्ट गेलेली. मी अक्षरांची मांडणी करणारी; हे मला अमरावतीहून निघण्याआधी कुणी सांगितलं असतं, तर मी तिथेच लग्नपत्रिका करत बसले असते.

पहिल्या नमुन्यात मी दोन्ही लिप्यांना मापाचा एकच आकडा दिला. थोरले कागद बघून म्हणाले, "ताई, माह्यं मराठी उपाशी काहून दिसून राहिलं?"

तक्रार रास्त होती. वर वेलांटी आणि खाली उकार बसायला हवा म्हणून देवनागरीचं मधलं अंग लहान ठेवलेलं असतं. आकडा सारखा असला तरी डोळ्याला मराठी बारीकच दिसतं. मी ते वाढवलं. शिरोरेषा इंग्रजीच्या लहान अक्षरांच्या माथ्यापेक्षा थोडी वर आणि पहिल्या मोठ्या अक्षराच्या माथ्यापेक्षा खाली आणली. वाढवल्यामुळे मराठी जाडजूड झालं, म्हणून त्याच घराण्यातला एक पायरी सडपातळ टाइप घेतला. मला काम झकास वाटलं.

मग धाकट्याने फूटपट्टी काढली. त्याने वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं. "भाऊचं मोठं हाये!"

थोरल्यांनी पट्टी हिसकावून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजलं. "कुठी मोठं? तुह्या पयल्या अक्षरापेक्षा लहान हाये!"

दोघंही बरोबर मोजत होते, हीच पंचाईत. तासभर ती पट्टी या हातातून त्या हातात फिरली. शेवटी माझं डोकं फिरलं.

"तूर घेता तेव्हा एकेक दाणा पट्टीनं मोजता का?"

थोरल्यांनी कागद उचलला आणि जिथे ते मालाचा नमुना बघतात त्या दाराच्या उजेडात नेला. चार पावलं मागे सरकून डोळे बारीक केले. धाकटाही शेजारी उभा राहून तसेच डोळे मिचकावू लागला. आम्ही अक्षरं मांडणारेही दोन लिप्यांची जोडी अशीच तपासतो.

"मले तं लहान्याचंच मोठं दिसून राहिलं," थोरले म्हणाले.

"मले तुह्यं दिसते, भाऊ."

"म्हणजे सारखंच आहे!" मी ओरडलेच.

थोरल्यांनी धाकट्याकडे बघितलं. मग दोघं एकदम हसले. महिनाभरात पहिल्यांदाच, असं मागून मिलचे हिशेब बघणारे मुनीमजी म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मंजुरीची सही घ्यायला मी पेन पुढे केलं.

थोरल्यांनी सही केली ती इंग्रजी नावाखाली.

"तुह्यं कुणी लहान केलं तं मले सांग," ते धाकट्याला म्हणाले, आणि पेन त्याच्या हातात दिलं.