सातची बाकी

मे महिन्यात नगरच्या एका कॉलेजात आम्हा गणित शिक्षकांचा तीन आठवड्यांचा वर्ग भरला होता. नवीन गणित शाळेत यायचं होतं आणि ते आधी आम्हाला शिकायचं होतं. मी मिरजगावजवळच्या एका हायस्कुलात वर्षभर हंगामी शिक्षिका होते. निघताना हेडमास्तर म्हणाले होते, "प्रमाणपत्र घेऊन या, बाई. जूनमध्ये एक जागा कमी होणार आहे." एवढंच. पण एसटीत बसल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

पहिला आठवडा संचांचा होता, तो निभला. दुसऱ्या आठवड्यात द्विमान, अष्टमान, षोडशमान पद्धती आल्या. दोन अंकांत संख्या, आठ अंकांत संख्या, आणि सोळांत तर दहाच्या जागी ए, अकराच्या जागी बी, असं एफपर्यंत. शिकवणारे प्राध्यापक म्हणायचे, गणकयंत्रं अशीच मोजतात. गणकयंत्र आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. उदाहरणं मला कळत होती. पण फळ्याकडे बोलावलं की कळलेलं सगळं निघून जाई. आपण उत्तर लिहिलं आणि चाळीस जण पाठीमागे हसले, असं मला सारखं वाटायचं.

माझ्या बाकावर राहुरीकडचे एक सर बसायचे. पन्नाशीचे, धोतर-टोपीतले, तीस वर्षं अंकगणित शिकवलेले. तेही घाबरलेले आहेत हे मला फार उशिरा कळलं. दुपारच्या सुट्टीत ते कडुनिंबाखाली डबा बाजूला सारून मला म्हणाले, "बाई, तुमाला एक पडताळा सांगतो. गुणाकार बरुबर हाय का बघायला आपन नवाची बाकी काढतो ना, तसंच हाय. अष्टमानातल्या अंकांची बेरीज करायची, सातानं भागायचं. मूळ संख्येलाही सातानं भागायचं. बाकी सारखी आली पायजे."

"आणि षोडशमानात?"

"तिथं पंधरा. ए म्हंजी दहा, बी म्हंजी अकरा धरायचे."

मी दहा-बारा उदाहरणांवर करून पाहिलं. दरवेळी जुळलं. नगरला आल्यापासून पहिल्यांदा मला नीट जेवण गेलं.

शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी परीक्षा झाली. दुपारी प्रत्येकानं फळ्यावर पाठ घ्यायचा होता. चिठ्ठी उचलायची आणि त्यातलं उदाहरण वर्गाला समजावून सोडवायचं. माझ्या चिठ्ठीत होतं: ७२६ अष्टमानात, द्विमानात आणि षोडशमानात लिहा.

फळ्याशी गेले. मी भागत गेले. ७२६ ला आठानं भागलं, भाग ९०, बाकी ६. नव्वदला भागलं, भाग ११, बाकी २. अकराला भागलं, भाग १, बाकी ३. एकाला भागलं, भाग शून्य, बाकी १. आणि वरून खाली बाक्या वाचत मोठ्या अक्षरांत लिहिलं: ६२३१.

मग पडताळा. सहा, दोन, तीन, एक, बेरीज बारा, सातानं भागून बाकी पाच. ७२६ ला सातानं भागून बाकी पाच. मी वळले आणि म्हणाले, "पडताळा जुळतो."

प्राध्यापक मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "नक्की?"

कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. सरांकडे पाहिलं तर तेही वहीत वाकून भराभर बेरीज करत होते आणि मान डोलावत होते. त्यांचंही जुळत होतं. मी फळ्याकडे तोंड केलं, निदान चेहरे दिसू नयेत म्हणून. जून दिसत होता. हेडमास्तरांची खोली दिसत होती. मग नजर ७२६ च्या सहावर गेली आणि तिथून माझ्या उत्तराच्या शेवटच्या एकावर.

७२६ सम आहे. अष्टमानात शेवटचा अंक सोडला तर बाकी सगळी स्थानं आठाच्या पटीत, म्हणजे समच. मग शेवटचा अंक एक कसा येईल? आणि पहिला सहा तर पाचशे बाराच्या स्थानावर बसलाय. सहा गुणिले पाचशे बारा म्हणजेच तीन हजारांच्या वर.

"चुकलं," मी म्हणाले. "बाक्या खालून वर वाचायच्या होत्या. १३२६."

"मग तो पडताळा खोटा का?" प्राध्यापकांनी विचारलं.

मला सर दिसले. ते आता वहीत पाहत नव्हते.

"खोटा नाही," मी म्हणाले. "आठातून सात गेले की एक उरतो. चौसष्टला सातानं भागलं तरी एकच, पाचशे बारालाही एकच. म्हणून बाकी काढताना कुठल्याही स्थानावरचा अंक सारखाच मोजला जातो. बेरजेला स्थान कळतच नाही. जुळलं नाही तर उत्तर नक्की चूक. जुळलं म्हणून बरोबर असं नाही. सम-विषम आणि पहिल्या अंकाची किंमतही बघावी लागते."

पुढचं हात आपोआप लिहीत गेला. प्रत्येक अंकाचे द्विमानात तीन-तीन: ००१ ०११ ०१० ११०. षोडशमानासाठी तेच उजवीकडून चार-चार: ००१० ११०१ ०११०. म्हणजे दोन, तेरा, सहा, तेराचा डी. २डी६. पाचशे बारा, दोनशे आठ, सहा, बेरीज ७२६. खडू ठेवून मी बाकावर जाऊन बसले.

सुटल्यावर सर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. मग म्हणाले, "सकाळच्या पेपरात तीन हजार षोडशमानात इचारलं हुतं. म्या निस्ती पंधराची बाकी बघितली."

मी त्यांच्या वहीच्या पाठीवर भागाकार केला. बाक्या आठ, बी, बी. खालून वर बीबी८.

"तुम्ही काय लिहिलंत?"

"आठवत न्हाई, बाई." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "बीबी८ लिवलं का ८बीबी. दोन्हीची बेरीज तीसच हुती. हायस्कुलातली पोरं उत्तरासाठी माझ्याकडं बघतात. तीस वर्सं झाली."

स्वतःपेक्षा मला त्यांचीच काळजी जास्त वाटली. त्यांनी विश्वासानं शिकवलेली गोष्ट मी भर वर्गात अपुरी ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर परत मिळाले. सरांनी स्वतःचा उघडला नाही, माझ्याकडे सरकवला. तिसऱ्या पानावर ८बीबी होतं आणि त्यावर लाल फुली. शेजारी प्राध्यापकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "शेवटी अकरा? तीन हजार विषम?" बाकी नऊ उत्तरं बरोबर होती. मी शेवटचं पान दाखवलं. सरांनी गुण दोनदा वाचले आणि नाव पुकारल्यावर प्रमाणपत्र घ्यायला गेले तेव्हा टोपी बाकावरच राहिली.

माझं प्रमाणपत्र जूनमध्ये हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि मला नववीचं वेळापत्रक दिलं. वर्गात शिरले, फळ्याकडे तोंड केलं आणि पाठीमागे कोणी हसतंय का ते ऐकत पहिला आकडा लिहिला.