पालथं करून बघणारी अक्का

फोन आला तेव्हा मी आनेकलच्या बस स्टँडवर केळी घेत होतो. भाची वैशाली म्हणाली, "मामा, ये," आणि फोन ठेवला. मी परत लावून विचारलं नाही. काय झालं असेल ते कळत होतं, पण विचारलं नाही तोवर ते झालेलं नाही, अशी एक वेडगळ आशा माणसाला असते. बस शहराकडे निघाली आणि प्रत्येक सिग्नलला थांबत राहिली. केळ्यांची पिशवी मी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. हेब्बाळला वैशालीच्या फ्लॅटवर पोचलो, तर दार उघडंच होतं. माझी थोरली बहीण, वैशालीची आई, म्हणजे आमची अक्का, पहाटे पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यात गेली होती. त्याला आता काही आठवडे झाले. पण मला लिहायचंय ते त्या सकाळबद्दल नाही. त्याआधीच्या वर्षाबद्दल लिहायचंय, ज्यात आम्ही अक्काला जवळजवळ गमावलं होतं. तेही आमच्याच प्रेमापायी.

आमचं घराणं इथलं, कानडी मुलखातलं, जुनं. कितव्या पिढीत आलो ते कुणालाच नीट सांगता येत नाही. आमच्या मराठीत इतकी कन्नड मिसळलेली आहे, की पुण्याचे पाहुणे आधी हसतात आणि मग चहा मागतात. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे मला वाढवलं तिनेच. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. वर्गात कडक, गुणांच्या बाबतीत तर कंजूष. पण घरी तिच्याइतकं कौतुक करणारं माणूस मी पाहिलं नाही. कौतुक म्हणजे आजकाल फोनवर टाळ्यांची चित्रं पाठवतात तसलं नव्हे. कुणी काही करून आणलं, की अक्का आधी गप्प व्हायची. हातातलं खाली ठेवायची, चष्मा वर सरकवायची आणि म्हणायची, "स्वल्प पालथं कर, बघू." भरतकाम असेल तर मागचे टाके बघायची, दोसा असेल तर खालची बाजू. मी कारखान्यात शिकाऊ असताना पितळेचा एक भोवरा बनवून आणला होता. तो तिने उलटा करून बुडाच्या आरीवरून अंगठा फिरवला. हे होईपर्यंत समोरच्याने उभं राहायचं. मग तिला त्यात काहीतरी सापडायचं, तुम्हाला स्वतःलाही न दिसलेलं. मग ती हसायची. दोन्ही हात तुमच्या चेहऱ्यावरून ओवाळून आपल्या कानशिलांवर टेकवायची आणि कडाकडा बोटं मोडायची... दृष्ट लागू नये म्हणून. तेवढ्यासाठी मी आयुष्यभर कामं केली, असं म्हटलं तरी चालेल. बोम्मसंद्र्याच्या टूलरूममध्ये साहेबाने शाबासकी दिली तरी माझं लक्ष संध्याकाळी अक्काला काय दाखवता येईल याकडेच असायचं.

गेल्या वर्षी तिला पहिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आता हात-पाय हलवले तर परत येतील, नाहीतर आखडून बसतील. व्यायाम करून घ्यायला नंदिनी नावाची मुलगी रोज यायची. हसतमुख, कन्नड बोलणारी, कामात पक्की. रबरी चेंडू दाबायचा, वाटीतले मणी उचलायचे, तळहात उताणा-पालथा करायचा. पहिले दिवस अक्काने दात आवळून सगळं केलं. एके दिवशी तिने उजव्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेला. अर्धी खिचडी सांडली, पण नेला. वैशालीने टाळ्या पिटल्या. "अग्गोबाई! आईने आपल्या आपण मंमं खाल्लं! शाब्बास गं माझी राणी!" आणि त्याचा व्हिडिओ काढून घराच्या ग्रुपवर टाकला. अमेरिकेपासून धारवाडपर्यंत सगळ्यांनी टाळ्या, हृदयं, फुगे पाठवले. 'किती गोड!' असं कुणा सुनेने लिहिलं. मीही अंगठा पाठवला. वैशालीने ते सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मी समोरच होतो. अक्काने चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा मी ओळखत होतो. घरी पेपर तपासताना कुणाचं चोरलेलं उत्तर सापडलं, की ती असा चेहरा करायची.

दुसऱ्या दिवसापासून तिने हात हलवायचं बंद केलं. चेंडू हातात दिला की तो सुटून घरंगळायचा, आणि ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मण्यांची वाटी तिने डाव्या हाताने ढकलून दिली. जेवण भरवलं तर दोन घास, मग ओठ घट्ट. वैशाली घाबरली. डॉक्टर म्हणाले, मन खचतं अशा आजारात, प्रोत्साहन देत राहा. म्हणून आम्ही आणखी कौतुक करू लागलो. पाय जरा हलला की "व्वा!" अर्धी पोळी संपली की "गुणाची गं बाई!" आणि दर वेळी अक्का आणखी आत जायची. नंदिनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सार, बोटं आखडायला लागलीत. असंच राहिलं तर मग मी पण काही करू शकणार नाही." मला अक्काचा राग आला. होय, राग. जिने मला हाताला धरून शाळेत नेलं, ती स्वतःचा हात असा वाया घालवत होती.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "अक्का, आम्ही इतकं करतोय, तुला काही वाटतं का?" तिने मान माझ्याकडे वळवली. मग एकेक शब्द शोधून काढत म्हणाली, "मी... तान्ही... नाही." आणि भिंतीकडे तोंड केलं. इतकंच.

स्वयंपाकघरात वैशालीशी माझं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "तिचं कौतुक करणं थांबव." ती भडकली. "म्हणजे काय मामा? माझी आई मरणातून उठली, तिने आपल्या हाताने घास घेतला, आणि मी तोंड शिवून बसू? माझं आईवर प्रेम नाही का?" मी म्हटलं, "आहे ना. म्हणूनच सांगतोय. तुला कौतुक वाटतं ते वाटू दे, पोटभर वाटू दे. पण करायला जाऊ नको. कौतुक मोठ्या माणसाने लहानाचं करायचं असतं. आपण तिच्या गालावर हात ठेवला, की ती खाली जाते आणि आपण वर. आयुष्यभर जिने वरून हात ठेवला, तिला आपण पाळण्यात घातलंय गं." वैशाली रडायला लागली. नंदिनी दाराशी उभी होती. तिला मराठीतलं थोडंफार कळायचं. ती म्हणाली, "कौतुक अंद्रे कुतूहल अल्वा, सार? कुतूहलच ना? आमच्यात तर कौतुक म्हणजे हे काय आहे, कसं आहे, म्हणून बघत राहणं." तिचं ऐकता ऐकता मला अक्काच दिसली. चष्मा वर सरकवलेली, अंगठा भोवऱ्याच्या बुडावर. आमच्या टाळ्यांमध्ये बघणं कुठे होतं? आम्ही चमचा बघितला, सांडलेली खिचडी बघितली. बाईला कुणी बघितलंच नव्हतं.

बोम्मसंद्र्याला माझ्या एका जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या लेथवर कातून मी अक्काच्या चमच्यासाठी नायलॉनची जाड मूठ बनवली, तिच्या पकडीत राहील अशी. दुसऱ्या दिवशी ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "अक्का, ही मी केलीये. जरा बघ." धर म्हटलं नाही, उचल म्हटलं नाही. वैशालीला आधीच बजावलं होतं, की काही झालं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही. नंदिनी खिडकीशी. अक्का बघत राहिली. वरून बघून तिचं कधी भागत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डावा हात पुढे आला, पण मूठ जाड, एका हातात फिरेना, टेबलावर गोल गोल घरंगळायला लागली. मूठ पडणार असं वाटून वैशाली उठायला गेली, मी तिचं मनगट धरलं. आणि मग उजवा हात मांडीवरून उठला... थरथरत, वाकड्या बोटांचा. त्याने मूठ अडवली. डाव्याने धरली, उजव्याने हळूहळू पालथी केली. अंगठा आतल्या कडेवरून फिरला आणि थांबला.

"धार," अक्का म्हणाली.

घाईत कड घासायची राहिली होती. इतक्या वर्षांत मी कधी धार ठेवली नव्हती, आणि सापडली ती नेमकी तिलाच. "सरी, बरं, घासून आणतो," मी म्हटलं आणि बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. माझ्यामागून नंदिनी आली. "सार, मनगटाची ही हालचाल मी महिनाभर मागत होते." तिचे डोळे भरले होते. मी कड घासून परत नेली. अक्काने पुन्हा पालथी केली, या वेळी जरा लवकर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रघ्या... जमलं रे." साठी उलटलेला मी, गालावरून तिचा हात फिरला तेव्हा खाली मान घालून बसलो.

त्यानंतर आम्ही तिला रोज काहीतरी दाखवायला लागलो. नंदिनीने विणलेला रुमाल, शेजारणीची तोरणाची पट्टी, वैशालीचे दोसे. हे दोसे म्हणजे एक प्रकरणच होतं. ऑफिसचे फोन घेत घेत तिने घातलेला दोसा तव्याला धरून बसायचा, सोडायचं नावच नाही. अक्का खुर्चीत बसून एकेक शब्दाने शिकवायची. "पाणी... शिंपड... आच... कमी." आणि ताटलीत आला की स्वतःच्या हाताने पालथा करून बघायची, नाही म्हणून मान हलवायची. उगाच चांगलं न म्हणायची तिची सवय झटक्यानेही गेली नव्हती. वैशाली चिडायची, परत घालायची. एका रविवारी दोसा अख्खा सुटला. अक्काने तो उलटला. खालची बाजू एकसारखी तांबूस. ती बराच वेळ बघत राहिली, आणि वैशाली उलथनं हातात धरून उभी. मग अक्काने दोन्ही हात उचलले. उजवा अर्धवटच उठला. लेकीच्या चेहऱ्यावरून ओवाळले, आपल्या कानशिलांवर टेकवले. डाव्या हाताची बोटं वाजली. उजव्याची वाजली नाहीत. तिने पुन्हा टेकवली, जोर केला... नाही वाजली. वैशाली म्हणाली, "राहू दे आई, पोचलं." पण अक्काला ते पटलं नाही. अर्धं कौतुक तिला कुठलं चालायला! पुढे मी जायचो तेव्हा ती खिडकीशी बसून एकटीच ती बोटं कानशिलावर दाबून बघताना दिसायची. ती चालायला लागली, स्वतःच्या हाताने जेवायला लागली. ती बोटं मात्र शेवटपर्यंत वाजली नाहीत.

अक्काचं दिवसकार्य झाल्यानंतर मी आनेकलला परत निघालो, त्या सकाळची गोष्ट. वैशालीने नाश्त्याला दोसा केला आणि माझ्या ताटलीत पालथाच वाढला, खालची बाजू वर. तव्याकडे तोंड करून उभी राहिली. आणि मला एकदम कळलं, की आता माझ्या वर कुणी नाही. मी काहीही करून आणलं तरी ते पालथं करून बघणारं, 'रघ्या' म्हणणारं कुणी उरलं नाही. या घरात सगळ्यात मोठा मीच. जाड मुठीचा तो चमचा चटणीच्या वाटीत होता. मी चष्मा वर सरकवला आणि दोसा नीट बघितला. कडेला जाळी पडली होती, मध्ये एक ठिपकाही करपला नव्हता. मग उठलो, वैशालीला माझ्याकडे वळवलं, दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवून माझ्या कानशिलांवर टेकवले. हे मी जन्मात कधी केलं नव्हतं, येईल की नाही याची धास्तीच होती. डाव्या हाताची बोटं वाजली. मग उजव्याचीही वाजली, जरा जास्तच मोठ्याने.