संध्याकाळचे बूट, सकाळचे मोजे

चूक सर्वस्वी त्राजांकाचीच, आणि तीही ठरवून केलेली.

मेलबर्नला नातवाचा बाप्तिस्मा होता. बितोला या आपल्या शहराहून दोघी जावा निघणार होत्या: थोरली त्राजांका आणि धाकटी, विधवा वेसेला. त्राजांकाचा तिथे राहणारा मुलगा गोत्से फोनवर आईआधी काकूची चौकशी करायचा. लहानपणी काकूनेच त्याला शाळेत सोडलं होतं, हे मान्य. पण म्हणून काय जन्मभर?

"ताई, गोत्सेने सांगितलंय," वेसेला म्हणाली, "बूट संध्याकाळी घ्यायचे, पाय भरलेले असतात तेव्हा. विमानात पाय सुजू नयेत म्हणून घालायच्या दाबाच्या मोज्यांचं माप मात्र सकाळी, सूज नसताना."

"तुला सांगितलंय ना? मग तू घे तसे."

त्राजांकाने सकाळीच जाऊन बाजूला चेन असलेले, अंगठ्याला जेमतेम पुरणारे डाळिंबी बूट घेतले. मोज्यांचं माप दिलं संध्याकाळी. वेसेलाचे बूट रुंद, नाडीचे, रंगाने ओल्या मातीसारखे. ते पाहून त्राजांकाला महिन्यात पहिल्यांदा शांत झोप लागली. विमानतळावर सून आणि व्याही आधी कोणाच्या पायांकडे बघतील, हे आता ठरलेलं होतं.

स्कोप्येच्या विमानतळावर तपासणीची कमान डाळिंबी बुटांच्या चेनने वाजली. काढायला सांगितलं, तर चेन अडकली. मागे रांग ताटकळली. वेसेला नाडी सैल करून केव्हाच पलीकडे पोचली होती आणि शिपाई तिला "सावकाश, आजी" म्हणत होता. तेही त्राजांकाला खुपलं.

पुढच्या लांबच्या विमानात मोठ्या मापाचे मोजे घसरून गुडघ्याखाली वळी करून बसले आणि तिथेच आवळू लागले. बूट तर तिने जेवणाआधीच काढले होते. मेलबर्नला उतरताना पाय पावासारखे फुगले होते; चेन अर्ध्यावरही येईना.

"नुसत्या मोज्यांवर जाते," ती म्हणाली.

"व्याह्यांसमोर? पाय करा इकडे." वेसेलाने आपले मातकट बूट काढले, नाड्या पार सैल केल्या आणि थोरलीच्या पायांत सरकवले. नीट बसले. मग स्वतः पिशवीतून गोत्सेसाठी दरवर्षीसारखे विणलेले लोकरी मोजे काढून चढवले आणि त्यांवरच चालू लागली.

बाहेर गोत्से धावत आला. "काकू, माझे मोजे घालून आलीस?" असं म्हणत त्याने तिलाच आधी कवटाळलं. सगळे हसले. त्राजांकाच्या पायांकडे कोणी पाहिलंच नाही.

बूट त्याच रात्री वेसेलाकडे परत गेले, पुसून. गोत्सेचे मोजे मात्र तळव्यांना काळे पडले होते आणि धुऊनही डाग गेले नाहीत. "मी विणून देते," त्राजांका म्हणून गेली.

त्याला आता वर्ष झालं. एक मोजा तयार आहे. दुसरा टाचेपर्यंत येऊन थांबलाय. वेसेला विचारत नाही, हेच त्राजांकाला सहन होत नाही.