कवच नसलेली गाठ

डॉ. लोसालिनी यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. फिजीतल्या सुवाच्या बाजारात मासा घ्यायचा तरी कल्ले उघडून बघायच्या आणि वर कोळणीलाच विचारायच्या, "कालचा ना गं?" प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काचपट्टी हातात आली की आधी तिच्यावरचं नाव वाचायच्या, मग त्या नावावरच संशय घ्यायच्या.

त्या शुक्रवारी त्यांच्यापुढे अपिसाईची पट्टी आली. अपिसाई चर्चमध्ये खर्जात गाणारा. त्याच्या मानेतली गाठ, म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथी, काढून पाठवली होती. सहकारी विकाशनं कर्करोग लिहून टाकला होता. सोमवारी गळ्याचं मोठं ऑपरेशन, पुढे रेडिएशन. बिचाऱ्याचा आवाज गेल्यातच जमा.

"सही कर, लोसा. गाठीत असूच नयेत अशा त्वचेसारख्या पेशींची बेटं आहेत, आणखी काय हवं?" विकाश म्हणाला.

"गाठ कुठंय?"

"समोर!"

"मानेची गाठ असती तर भोवती अख्खं कवच असतं. कवचाखाली पोकळी, कारण लसीकेचा रस तिथून आत येतो. इथे कडेला कवचाखालची पोकळीच नाही. मला हे काही बरं दिसत नाही."

"तू आरशातल्या स्वतःवरही संशय घेशील!"

त्यांनी पट्टी हळूहळू सरकवली. वरून अस्तर खोल फटींत उतरलं होतं आणि त्यात पांढऱ्या पेशी घुसल्या होत्या. विकाशची बेटं म्हणजे आडव्या कापल्या गेलेल्या फटीच होत्या. अशा फटी टॉन्सिलला असतात; त्यात रसवाहिन्या रस आणून सोडत नाहीत, ते तोंडातूनच जंतू चाखतं. आतड्याच्या अस्तराखालचे पांढऱ्या पेशींचे पुंजकेही असेच, थेट आतड्यातूनच माल घेतात.

"विकाश, हे टॉन्सिल आहे. मानेतून टॉन्सिल कोण काढतं?"

विकाशचा चेहरा पडला. अपिसाईची गाठ काढली त्याच सकाळी, त्याच ऑपरेशन थिएटरात एका मुलीचं एका बाजूचं सुजलेलं टॉन्सिल काढलं होतं. तिची पट्टी अजून कुणी पाहिली नव्हती. लोसालिनीबाईंनी ती लावली. अखंड कवच, त्याखाली पोकळी, मध्ये ग्रंथीचा गाभा, आणि सगळीकडे क्षयरोगाचे दाणे. खास रंग दिल्यावर लाल जंतूही दिसले.

"औषधाच्या गोळ्यांनी बरा होणारा माणूस," विकाश पुटपुटला, "आणि मी त्याला कापायला निघालो होतो."

"थांब. नमुन्यांच्या डब्यांवर माझा भरवसा नाही. दोन्ही तुकड्यांचा डीएनए त्या दोघांच्या रक्ताशी जुळवा. तोवर ऑपरेशन बंद."

सर्जन फोनवर खूप चिडला. बाई ढिम्म हलल्या नाहीत. तपासणीचा अहवाल आला तेव्हा क्षयाची गाठ अपिसाईचीच निघाली. डब्यांची अदलाबदल थिएटरातच झाली होती.

क्षय फुप्फुसात नाही ना हे बघायला छातीचा एक्स-रे फोटो काढून अपिसाई स्वतः भेटायला आला. डोळे भरलेले, हातात तारोच्या, म्हणजे अळूच्या, कंदांची जुडी.

"फोटो स्वच्छ आहे, डॉक्टर. रविवारी गाणार आहे मी."

बाईंना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला आणि कोपऱ्यातलं नाव वाचू लागल्या.

"आणि हा फोटो तुझाच कशावरून?"